शनिवारी सोडली, मंगळवारी बिघडली: दारू एकदम बंद करण्याचं एक प्रकरण

रुग्ण चव्वेचाळीस वर्षांचे गृहस्थ, हिशेबाच्या कामातले. पत्नी आणि धाकटा भाऊ त्यांना पहाटे कॅज्युअल्टीत घेऊन आले. तक्रार एकच: "झटका आला, आधी कधीच आला नव्हता." दारूचा विषय त्यांनी स्वतःहून काढला नाही, कारण त्यांच्या लेखी तो संपलेला होता. "शनिवारी रात्रीपासून थेंब घेतलेला नाही," असं पत्नीने सांगितलं ते आम्ही विचारल्यावर, आणि सांगताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमानच होता. आमच्यासाठी मात्र सगळ्या प्रकरणाची किल्ली त्या एका वाक्यात होती.

कुणा एकाची ओळख पटू नये म्हणून अशा रुग्णांमध्ये वारंवार दिसणारे तपशील एकत्र करून हे प्रकरण मांडलं आहे. घटनांचा क्रम आणि तासांचं गणित मात्र असंच असतं. सोडायचं ठरवलेल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना तेच माहीत हवं.

किती आणि किती दिवस

पिणं पंधरा वर्षांचं. शेवटची सहा वर्षं रोजचं. सुमारे ४० टक्के अल्कोहोल असलेली दारू, ७५० मिलीच्या बाटलीतली रोज निम्मी, कधी त्याहून जास्त. निम्म्या बाटलीत साधारण ११८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. सर्वसाधारण माणसाचं यकृत तासाला ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. रोज पिणाऱ्याचं काढतं त्याहून जास्त वेगाने. म्हणजे रात्री दहाला शेवटचा घोट घेतलेल्या माणसाच्या रक्तातली पातळी पहाटेपर्यंत बरीच उतरलेली असते.

या गृहस्थांचे हात दोन वर्षांपासून रोज सकाळी कापायचे. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा, सही वाकडी यायची. मग ते उतारा म्हणून एक पेग घ्यायचे आणि अर्ध्या तासात हात स्थिर व्हायचे. घरचे त्याला "सवय लागली" म्हणायचे. वैद्यकीय भाषेत ती दारू बंद झाल्याची लक्षणं होती. ती रोज सकाळी सुरू होत आणि रोज सकाळी दारूनेच दाबली जात. उताऱ्याशिवाय ज्याचा दिवस सुरू होत नाही, त्याचं शरीर रोज रात्री काही तास दारू सोडून पाहत असतं आणि दर वेळी हरत असतं. अशा माणसाने "आजपासून बंद" म्हटलं की पुढे काय होऊ शकतं, याची सूचना रोज सकाळच्या त्या थरथरीतच मिळालेली असते.

आधी दोनदा सोडून झालं होतं. पहिल्या वेळी दोन दिवस अंग थरथरलं, घाम आला, झोप लागली नाही, नंतर बरं वाटलं. काही महिन्यांनी पुन्हा सुरू झाली. दुसऱ्या वेळी रात्री भिंतीवर किडे चालताना दिसू लागले. घाबरून त्यांनी पहाटेच बाटली उघडली आणि तासाभरात किडे गेले. ही तिसरी वेळ. दर खेपेला त्रास वाढत गेला हा योगायोग नव्हता. दारू वारंवार एकदम सोडली आणि पुन्हा सुरू केली, तर मेंदू प्रत्येक खेपेला आधीपेक्षा जास्त भडकतो आणि झटक्याचा धोका वाढतो. १९७० च्या दशकाच्या शेवटी बॅलेंजर आणि पोस्ट यांनी हे निरीक्षण मांडलं, आणि वॉर्डात ते आजही दिसतं. "मागच्या वेळी घरीच सोडली होती, काही झालं नाही" हा दिलासा म्हणून धरून चालू नये. त्या वेळी काय काय झालं होतं हे तपशिलात विचारावं.

रविवार

या वेळी सोडण्याचं कारण यकृताच्या तपासणीचा अहवाल होता. शनिवारी रात्री दहाला शेवटचा पेग घेतला, उरलेली बाटली मोरीत ओतली. निर्णय पूर्णपणे बरोबर होता. चूक होती ती फक्त पद्धतीत, आणि ती त्यांना कुणी सांगितलेली नव्हती.

रविवारी सकाळी सहाला, म्हणजे आठ तासांनी, हात कापू लागले. या वेळी उतारा घ्यायचा नव्हता. नऊच्या सुमारास कपडे घामाने भिजले, छाती धडधडू लागली. दुपारी उलट्या सुरू झाल्या, पाणीही टिकेना. संध्याकाळी ते खोलीत येरझाऱ्या घालत होते. बारीकशा आवाजानेही दचकत होते, दिवा डोळ्यांना सहन होत नव्हता. हात पुढे करून बोटं फाकवली की थरथर दुरूनही दिसत होती, आणि जीभ बाहेर काढली की तीही कापत होती.

घरच्यांनी काय केलं? त्यांनी धीर दिला. "दोन दिवस काढ, मग सुटशील." भावाने मित्राकडून झोपेच्या दोन गोळ्या आणल्या, पण त्या उलटीत गेल्या. कुणीही चूक म्हणून काही केलं नाही. पण हा सगळा दिवस त्यांनी मनोनिग्रहाची परीक्षा म्हणून पाहिला. थरथर, घाम, उलट्या, वाढलेली नाडी ही चार लक्षणं एकत्र आली होती, आधीच्या खेपेला भास झाले होते. रविवारी दुपारीच त्यांना रुग्णालयात आणलं असतं तर पुढचे बहुतेक प्रसंग टळले असते. इथे मनाचा निर्धार कितीही पक्का असला तरी कामाला येत नाही. उलट, निर्धार पक्का असणाराच जास्त वेळ घरी बसून राहतो.

मध्यरात्रीच्या आधी त्यांना शेजारच्या खोलीत कुणीतरी बोलतंय असं वाटू लागलं. तिथे कुणी नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं. दारू थांबल्यावर साधारण १२ ते २४ तासांत असे भास सुरू होऊ शकतात, आणि तेव्हा माणूस बाकी भानावर असतो.

पहाटे दोनचा झटका

शेवटच्या पेगनंतर अठ्ठावीस तासांनी ते मोरीकडे जाताना कोसळले. कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. पत्नीने सांगितलेलं वर्णन जसंच्या तसं: "आधी ओरडले, मग सगळं अंग लाकडासारखं कडक झालं, डोळे वर गेले, मग हातपाय झटकू लागले. तोंडाला फेस आला." दोन मिनिटांत झटका थांबला, पण पुढची वीस मिनिटं ते कुणाला ओळखत नव्हते. जीभ चावली गेली होती, लघवी झाली होती.

दारू थांबल्यावर येणारे झटके बहुतेक असेच, सगळ्या अंगाला एकदम येणारे असतात. ते ६ ते ४८ तासांच्या खिडकीत येतात, बरेचसे पहिल्या दिवसाच्या आसपास. एखादाच येतो, किंवा काही तासांत दोन-तीन लागोपाठ येतात.

भावाने दातखिळी उघडायला चमचा शोधला, पण पत्नीने त्यांना कुशीवर वळवलं आणि मान थोडी मागे केली. बरोबर तेच होतं. तोंडात काहीही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, पाणी पाजायचं नाही. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, कुशीवर ठेवायचं, घड्याळ पाहायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची. "थोडी दारू पाजली तर थांबेल" असंही त्या घाईत कुणीतरी फोनवर सुचवलं. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात ओतलेलं काहीही श्वासनलिकेत जाऊ शकतं, त्यामुळे ते अजिबात करू नये.

कॅज्युअल्टीत

सव्वातीनला आमच्यासमोर दुसरा झटका आला. तो थांबल्यावर पाहिलं तर नाडी १२४, रक्तदाब १६८/१०२, ताप ३७.९ अंश सेल्सियस, रक्तातली साखर ६८. रक्तात अल्कोहोल उरलेलं नव्हतं. उरलेलं असतं तरी निदान खोटं ठरलं नसतं. खूप दारूची सवय असलेल्या माणसाच्या रक्तात अल्कोहोल असतानाही, पातळी नुसती उतरू लागली तरी थरथर सुरू होते.

दारूचा इतिहास स्पष्ट असला तरी "दारू सोडल्याचाच झटका" असं म्हणून आम्ही मोकळे झालो नाही. पिणाऱ्या माणसाचं डोकं कुठे ना कुठे आपटलेलं असतं, प्लेटलेट कमी असतात, रक्त लवकर गोठत नाही, आणि मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साचलेलं रक्तही झटका आणू शकतं. इथे तर कपाळावर ताजी जखम होती. म्हणून सीटी स्कॅन केला. रक्तस्राव नव्हता. झटका एकाच हातापायाला आला असता, ताप खूप असता, मान कडक असती, किंवा दारू बंद करून चार-पाच दिवस झाल्यावर पहिला झटका आला असता, तर शोध आणखी पुढे न्यावा लागला असता.

रक्ताच्या अहवालात पोटॅशियम ३.१ आणि मॅग्नेशियम १.३, दोन्ही कमी. प्लेटलेट ९६ हजार. यकृताची एन्झाइम्स वाढलेली. मॅग्नेशियम कमी असलं की मेंदू आणि हृदय दोन्ही चिडखोर होतात, आणि ते भरून काढल्याशिवाय पोटॅशियमही नीट वर येत नाही. म्हणून दोन्ही सलाईनमधून सुरू केली.

मेंदूत नेमकं काय होतं

मेंदूत पेशींना शांत करणारी एक यंत्रणा असते, तिचा मुख्य रासायनिक निरोप्या गाबा. पेशींना चेतवणारी दुसरी यंत्रणा असते, तिचा निरोप्या ग्लुटामेट. दारू पहिलीला बळ देते आणि दुसरीला दाबते, म्हणून पिणारा सैल आणि सुस्त होतो. रोज अनेक वर्षं हे चाललं की मेंदू तोल सावरायला लागतो. गाबाला प्रतिसाद देणारी ग्राहकस्थानं मंदावतात, ग्लुटामेटची वाढतात. रस्सीखेचीत दोन्ही बाजू जोर लावून उभ्या असाव्यात, दोर जागचा हलू नये, तशी ही स्थिती असते. दारू एकदम काढून घेतली की एका बाजूने दोर सोडल्यासारखं होतं. चेतवणारी बाजू मोकळी सुटते आणि तिला अडवणारं कुणी उरत नाही. थरथर, घाम, धडधड, झोप उडणं, भास, झटका ही सगळी त्या एकाच असमतोलाची वाढत जाणारी रूपं आहेत. नवा तोल यायला मेंदूला काही दिवस लागतात. धोका त्या दिवसांत असतो.

एके काळी डॉक्टरांमध्येही वाद होता की हे झटके आणि बरळणं दारू थांबल्यामुळे येतं, की पिणाऱ्याच्या कुपोषणामुळे. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन इथे इझबेल आणि सहकाऱ्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने याला बरंचसं उत्तर मिळालं. चांगला आहार देत स्वयंसेवकांना कित्येक आठवडे रोज भरपूर दारू दिली आणि मग ती एकदम थांबवली. ज्यांनी जास्त आठवडे घेतली होती, त्यांच्यात झटके आणि बरळणं दिसलं. आज असा प्रयोग कुठलीही नीतिसमिती मान्य करणार नाही, करूही नये. पण पोट भरलेल्या, जीवनसत्त्वं मिळणाऱ्या माणसांतही हे घडलं, म्हणजे कारण दारूचं थांबणं होतं. "सोडताना चांगलं खाऊ घाला म्हणजे काही होत नाही" हा समज म्हणूनच टिकत नाही.

उपचार आणि त्यामागची कारणं

दारूने गाबाच्या ज्या बाजूला टेकू दिला होता, तो तात्पुरता औषधाने द्यायचा आणि रोज थोडा थोडा काढून घ्यायचा, हे उपचाराचं सूत्र. त्यासाठी बेंझोडायझेपिन गटातली औषधं वापरतात: डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, लोराझेपाम. यकृत बिघडलेलं असेल तर लोराझेपाम सोयीचं, कारण ते शरीरात साचत नाही. आम्ही शिरेतून २ मिलिग्रॅम लोराझेपाम दिलं. दारूमुळे आलेल्या झटक्यानंतर दिलेल्या एवढ्याच मात्रेने पुढचा झटका किती टळतो, हे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं. औषध न मिळालेल्यांपैकी २४ टक्क्यांना काही तासांत दुसरा झटका आला. औषध मिळालेल्यांत हे प्रमाण ३ टक्के होतं.

भावाने विचारलं, "डॉक्टर, फिटची गोळी चालू करायची ना? आमच्या ओळखीत एकाला आयुष्यभर लागली." त्यांना सांगितलं की अपस्मारात वापरली जाणारी फेनिटॉइनसारखी औषधं या झटक्यांवर उपयोगी ठरत नाहीत, आणि हा अपस्मारही नाही. दारू बंद होऊन मेंदूचा तोल परत आला की झटक्याचं कारण संपतं. एखाद्याला मुळात अपस्मार असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा त्याची नेहमीची औषधं चालूच ठेवायची.

दुसरं तातडीचं औषध थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, तेही शिरेतून. रोज पिणाऱ्याचा आहार तुटपुंजा असतो आणि आतडं थायमिन नीट शोषत नाही. ते संपत आलेलं असताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही वापरलं जातं आणि वर्निके नावाचा मेंदूविकार उफाळू शकतो: गोंधळ, डोळ्यांच्या हालचाली बिघडणं, चालताना तोल जाणं. वेळेत थायमिन मिळालं नाही तर स्मृती कायमची जाऊ शकते. तिन्ही खुणा एकत्र क्वचितच दिसतात, म्हणून खुणांची वाट न पाहता आधी थायमिन देतात. साखर धोकादायकरीत्या खाली असेल तर मात्र ग्लुकोज थांबवून ठेवत नाहीत, दोन्ही बरोबरच देतात. "अशक्तपणा आलाय, एक ग्लुकोजची बाटली लावा" एवढ्यावर अशा रुग्णाला घरी पाठवणं म्हणूनच चुकीचं.

नंतर दर तासाला सिस्टर सीआयडब्ल्यूए या मोजपट्टीवर गुण लिहीत होत्या. तिच्यात दहा गोष्टी असतात. मळमळ, थरथर, घाम, अस्वस्थता, येरझाऱ्या, डोकेदुखी, स्पर्शाचे, आवाजाचे आणि दिसण्याचे भास, आणि स्थळकाळाचं भान. जास्तीत जास्त गुण ६७. पंधराच्या वर गेलं की तीव्र त्रास समजायचा. पूर्ण शुद्धीवर आल्यावर या रुग्णाचे गुण होते २४. ठरलेल्या मर्यादेच्या वर गुण गेले की औषध, खाली असले की नाही. सरसकट मात्रेपेक्षा अशा पद्धतीने एकूण औषध कमी लागतं, आणि रुग्ण विनाकारण गुंगीत राहत नाही. दर मात्रेनंतर श्वासाची गती आणि ऑक्सिजन पाहिला जातो. हेच औषध घरी अंदाजाने दिलं आणि त्यात दारूची भर पडली, तर श्वास थांबू शकतो. भावाने आणलेल्या त्या दोन गोळ्यांबद्दल म्हणूनच मी थोडं कठोर बोललो.

सोमवारी दुपारी "घरी नेतो"

सोमवारी दुपारपर्यंत गुण ९ वर आले. ते उठून बसले, थोडं जेवले, मला नाव आणि वार बरोबर सांगितला. भाऊ म्हणाले, "आता तो नीट बोलतोय. घरी नेतो, घरच्या अंथरुणात झोप तरी लागेल." रुग्णाचंही तेच म्हणणं होतं, कामावर जायचं होतं.

या प्रकरणातला सगळ्यात धोक्याचा क्षण मला झटक्याचा वाटत नाही, हा वाटतो. झटका पाहून सगळे धावतात. दुपारी शांत बसलेल्या माणसाला पाहून सगळे सैल होतात. पण घड्याळ पाहिलं तर शेवटच्या पेगला जेमतेम बेचाळीस तास झाले होते. डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे बरळणं, भान हरपणं आणि शरीराची सगळी यंत्रणा भडकणं, हे साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान सुरू होतं. दारू सोडणाऱ्या बहुतेकांना ते होत नाही. पण झटका येऊनही उपचार न मिळालेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश लोकांत पुढे ते दिसतं. शिवाय दुपारची ती शांतता बरीचशी औषधाने आणलेली होती. घरी नेऊन औषध एकदम थांबलं असतं तर दोर पुन्हा सुटला असता.

मी त्यांना कागदावर शनिवार रात्र दहापासून तासांची रेघ काढून दाखवली आणि बुधवार रात्रीपर्यंतचा भाग गडद केला. पत्नी म्हणाल्या, "मग गुरुवारपर्यंत राहू दे." तिथे वाद मिटला.

मंगळवार संध्याकाळ

औषध चालू असूनही एकोणसत्तराव्या तासाला बिघाड सुरू झाला. ते चादरीवरून काहीतरी वेचू लागले. विचारलं तर म्हणाले, "पावत्या पडल्यात सगळ्या." वॉर्ड त्यांना कार्यालय वाटत होतं, पत्नीला ते सहकारी समजून ओरडत होते. सलाईनची सुई उपटली. नाडी १४०, ताप ३८.६. मध्येच दोन मिनिटं अगदी शुद्धीत बोलायचे, मग पुन्हा पावत्या. भास आणि डिलिरियम यांतला फरक हाच. रविवारी रात्री आवाज ऐकू येत होते तेव्हा ते खोटे आहेत हे त्यांना कळत होतं. आता ते भान गेलं होतं.

त्यांना आयसीयूत हलवलं. बेंझोडायझेपिनची मात्रा बरीच वाढवावी लागली, शिरेतून, दर काही मिनिटांनी तपासत, डोळे मिटतील पण हाक मारल्यावर उघडतील इतपत. घामातून आणि तापातून जाणारं पाणी भरून काढलं. पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट रोज मोजलं. ताप डिलिरियमचाच आहे असं गृहीत न धरता छातीचा एक्स-रे आणि रक्ताचं कल्चर केलं, कारण झटक्यात उलटी फुप्फुसात गेली असण्याची शक्यता होती. ती नव्हती. भास शांत करायला हॅलोपेरिडॉल थोडंसं वापरलं, पण बेंझोडायझेपिनच्या जोडीनेच. एकटं दिलं तर ते झटक्याचा उंबरठा खाली आणतं. अशा रुग्णाला नुसतंच बांधून ठेवणंही वाईट. तो बंधनांशी झगडतो, त्यातून ताप वाढतो, स्नायू फुटू लागतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो.

प्रभावी उपचार नव्हते त्या काळात डिलिरियम ट्रेमेन्समध्ये दर तीन रुग्णांपैकी जवळपास एक दगावायचा, असे जुने आकडे आहेत. आज योग्य देखरेखीत हे प्रमाण १ ते ५ टक्क्यांवर आलं आहे. माणसं दगावतात ती हृदयाची लय बिघडून, न्यूमोनियाने, ताप आणि पाणी कमी पडण्याने. यातलं प्रत्येक कारण रुग्णालयात दिसतं आणि आवरता येतं. घरी ते दिसतही नाही.

गुरुवारी रात्री ते पहिल्यांदा सलग झोपले. शुक्रवारी सकाळी जागे झाले तेव्हा वार कोणता हे त्यांना कळत नव्हतं, पण पत्नीला नावाने हाक मारली. मंगळवार-बुधवारचं त्यांना काहीच आठवत नव्हतं.

हे कसं करायला हवं होतं

रोज पिणाऱ्या प्रत्येकाला आयसीयू लागत नाही. बऱ्याच जणांची दारू बाह्यरुग्ण म्हणूनही सोडवता येते. डॉक्टर ठरलेल्या दिवशी सुरुवात करतात, औषधाची मात्रा रोज कमी होत जाते, पहिले चार-पाच दिवस रोज तपासणी होते, घरी जबाबदार माणूस सतत असतं आणि गोळ्या त्याच्या ताब्यात असतात. पण आधी कधी झटका किंवा डिलिरियम झालेलं असेल, सकाळी उतारा लागत असेल आणि मात्रा मोठी असेल, आधीच्या खेपेला भास झाले असतील, यकृत किंवा हृदयाचा गंभीर आजार असेल, गर्भारपण असेल, वय जास्त असेल, झोपेच्या गोळ्यांचीही सवय असेल किंवा घरी लक्ष द्यायला कुणी नसेल, तर भरती होऊनच सोडावी. आमच्या रुग्णाला यातल्या निदान तीन गोष्टी आधीपासून लागू होत्या. यकृताचा अहवाल वाचून दाखवताना "दारू बंद करा" यापुढे त्यांना काही सांगितलं गेलं नव्हतं. "सकाळी हात कापतात का?" एवढा प्रश्न विचारला असता, तर रविवार वेगळा गेला असता.

डॉक्टरांची भेट दोन-तीन दिवसांनी असेल तर तोपर्यंत एकदम शून्यावर येऊ नये. हे ऐकायला विचित्र वाटतं आणि घरच्यांना पटायला जड जातं. पण पूर्ण अवलंबित्व आलेल्या माणसाने भेटीपर्यंत रोजची मात्रा न वाढवता तशीच ठेवणं किंवा अगदी हळू उतरवणं, हे घरी एकट्याने बंद करण्यापेक्षा सुरक्षित असतं. त्यातही झटका, गोंधळ, भास, ताप किंवा न थांबणाऱ्या उलट्या दिसल्या, तर भेटीची वाट न पाहता थेट आपत्कालीन विभाग गाठावा.

असाच प्रसंग आणखी एका वाटेने येतो. पाय मोडून किंवा ऑपरेशनसाठी भरती झालेला माणूस आपलं पिणं सांगत नाही, घरचेही लाजेने गप्प बसतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री तो वॉर्डात बरळू लागतो. त्याने दारू सोडायचं ठरवलेलंही नसतं, पलंगाने ती सोडवलेली असते. भूल देण्याआधी डॉक्टर जेव्हा विचारतात, तेव्हा रोजचा खरा आकडा सांगावा.

घरी जाताना

ते दहाव्या दिवशी घरी गेले. बेंझोडायझेपिन तोपर्यंत पूर्ण बंद केलं होतं, नाहीतर दारूच्या जागी त्याची सवय लागते. थायमिनच्या गोळ्या चालू होत्या. शरीरातून दारू सुरक्षित काढणं इथे संपतं, पण ओढ संपत नाही. ओढ कमी करणाऱ्या औषधांपैकी ॲकॅम्प्रोसेट निवडलं, कारण ते यकृतावर भार टाकत नाही आणि मूत्रपिंडं ठीक होती. डायसल्फिरामबद्दल पत्नीने विचारलं, "त्यांना न सांगता जेवणातून देता येईल का?" नाही. ते घेतलेल्या माणसाने दारू घेतली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो, म्हणून ते त्याच्या माहितीशिवाय आणि संमतीशिवाय कधीच द्यायचं नसतं. मनोविकारतज्ज्ञांची पहिली भेट घरी जाण्याआधीच ठरवून दिली.

डिस्चार्जच्या कागदावर निदानाच्या खाली एक ओळ मोठ्या अक्षरांत लिहिली आणि तिघांनाही वाचून दाखवली: दारू थांबल्यावर झटके आणि डिलिरियम झालेलं आहे, पुन्हा रोजचं पिणं सुरू झाल्यास ते घरी एकदम बंद करू नये, भरती होऊनच करावं. रुग्णाने विचारलं, "म्हणजे मी पुन्हा पिणार असं तुम्ही धरूनच चालता?" मी म्हणालो, तसं नाही. पण तशी वेळ आलीच, तर लाजेने चार दिवस घरात दडून बसू नका, पहिल्याच दिवशी हा कागद घेऊन या. त्यांनी तो घडी घालून पाकिटात ठेवला, आणि भावाने मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला.